एक टन ऊस गाळला की बगॅसमधून किती युनिट? हिशेब स्वतः कसा मांडायचा

साखर कारखान्याच्या वीजघरात, म्हणजे को-जनमध्ये, नवीन रुजू झालेला मुलगा पहिल्या आठवड्यात हमखास विचारतो, "साहेब, आपल्याला टनाला किती युनिट पडतात?" उत्तर म्हणून त्याला एक आकडा मिळतो. कुणी ११० सांगतं, कुणी १३०, आणि जुन्या कारखान्यातून आलेला फिटर म्हणतो की आमच्याकडे पस्तीसच्या वर कधी गेलंच नाही. तिघंही खरं बोलत असतात. बगॅस, म्हणजे रस काढल्यावर उरलेला चोथा, सगळीकडे जवळपास सारखाच असतो. फरक पडतो तो वाफ कुठल्या दाबाला तयार होते, टर्बाइन तिच्यातलं किती काढून घेतं आणि ती टर्बाइनमधून कुठल्या दारानं बाहेर पडते, यामुळे. म्हणून आकडा पाठ करण्यापेक्षा हिशेब मांडायला शिका. कागद, पेन आणि लॅबचा रोजचा रिपोर्ट एवढं पुरतं.

उदाहरणासाठी महाराष्ट्रात नेहमी दिसणारा कारखाना घेऊ. गाळप रोज ५००० टन, बॉयलर ८७ किलो दाबाचा आणि ५१५ अंश तापमानाचा, एक्स्ट्रॅक्शन-कंडेन्सिंग टर्बाइन, आणि मिलला वाफेऐवजी विजेच्या मोटारी. सगळी उष्णता किलोकॅलरीत धरू, कारण आपल्याकडच्या लॉगबुकात तीच असते.

पहिली पायरी: बॉयलरला खरोखर किती बगॅस मिळतो

बगॅस कुणी काट्यावर तोलत नाही, तो वजाबाकीतून काढतात. १०० टन ऊस आला, मिलवर उरलेली साखर धुऊन काढायला ३५ टन इंबिबिशनचं पाणी मारलं आणि १०७ टन मिश्र रस गेला, तर उरलेला २८ टन बगॅस. म्हणजे टनामागे २८० किलो. उसात फायबर जास्त असेल तर हा आकडा तीनशेला टेकतो, कोवळ्या उसाला खाली येतो.

या २८० मधला सगळा भट्टीत जात नाही. त्यातला बारीक भुसा, म्हणजे बगॅसिलो, प्रेसमड गाळायला व्हॅक्यूम फिल्टरला लागतो. थोडा उडतो, सांडतो. आपण बॉयलरसाठी २७० किलो धरू. यार्डात साठवायचा बगॅसही यातूनच जाणार असेल तर तो आधी वजा करा. नाहीतर महिन्याच्या शेवटी हिशेब जुळत नाही आणि दोष विनाकारण टर्बाइनवर येतो.

दुसरी पायरी: बगॅसमधली उष्णता आणि ओलाव्याचा घोळ

मिलमधून येणाऱ्या बगॅसमध्ये निम्मं पाणी असतं. त्याची किलोमागची उष्णता, म्हणजे जीसीव्ही, काढायला साखर धंद्यात पूर्वापार एक साधं सूत्र वापरतात:

```
जीसीव्ही = ४६०० − (४६ × ओलावा %) − (१२ × पोल %)
```

ओलावा ५० आणि पोल, म्हणजे बगॅसमध्ये राहिलेली साखर, २ धरला तर ४६०० − २३०० − २४, म्हणजे किलोला २२७६ किलोकॅलरी. आपण २२७० धरू.

इथे नवीन माणूस एका ठिकाणी फसतो. ओलावा ५० वरून ५२ झाला की सूत्रात जीसीव्ही चार टक्क्यांनी पडतो, म्हणून तो म्हणतो की वीज चार टक्के गेली. तसं होत नाही. जळतं ते फायबर, आणि फायबर उसात होतं तेवढंच आहे. पाणी वाढलं म्हणून बगॅसचं वजनही तेवढंच वाढलं. किलोमागे उष्णता कमी झाली, पण किलो जास्त झाले. खरं नुकसान आहे ते वाढीव पाण्याची वाफ करून चिमणीतून सोडून देण्याचं. टनामागे साधारण १२ किलो पाणी वाढतं, आणि ते उकळून गॅसच्या तापमानापर्यंत न्यायला किलोला सातशेच्या आसपास किलोकॅलरी जातात. म्हणजे टन उसामागे सुमारे ८४०० किलोकॅलरी. बॉयलरमधून मिळणाऱ्या उष्णतेच्या मानाने हे दोन टक्के झाले.

दोन टक्के ऐकायला थोडे वाटतात. त्यांची किंमत चौथ्या पायरीनंतर पाहू.

ओलाव्याचा नमुना कुठून घेतला जातो ते स्वतः जाऊन बघा. शेवटच्या मिलच्या पूर्ण रुंदीतून, दोन्ही कडा आणि मधला भाग मिळून, बगॅस घ्यायचा असतो आणि लगेच झाकणाच्या डब्यात बंद करायचा असतो. कॅरिअरवरून वरचावर मूठभर उचलून उघड्या घमेल्यात लॅबपर्यंत नेला की वाटेतच एक-दीड टक्का वाळतो. रिपोर्टवर ४९ येतं आणि बॉयलरवाला मात्र भट्टी काळी पडतेय म्हणून ओरडत असतो. भट्टीत बगॅसचे ढीग पडत असतील आणि रिपोर्टवर ओलावा चांगला दिसत असेल, तर आधी नमुन्याची शंका घ्या.

तिसरी पायरी: किती वाफ होणार

जीसीव्हीच्या हिशेबाने चांगल्या बगॅस बॉयलरची कार्यक्षमता सत्तर टक्क्यांच्या आसपास असते. म्हणजे २२७० पैकी १५८९ किलोकॅलरी वाफेला मिळतात.

८७ किलो दाब आणि ५१५ अंशाच्या एक किलो वाफेत साधारण ८१९ किलोकॅलरी असतात. डीएरेटरमधून १०५ अंशाचं पाणी आलं तर १०५ त्यातच आल्या. बॉयलरला भर घालायची ती ७१४ ची. १५८९ भागिले ७१४, म्हणजे एक किलो बगॅसला २.२२ किलो वाफ.

तुमच्या कारखान्यात लोक २.४ किंवा अडीच म्हणत असतील तर ते चूक नाहीत. त्यांच्याकडे हाय प्रेशर हीटर लावून फीडवॉटर दीडशेच्या वर नेलेलं असतं. पण त्या हीटरची वाफ टर्बाइनमधूनच काढलेली असते, हे हिशेबात धरायला विसरू नका.

आपल्या २७० किलो बगॅसची वाफ झाली ६०० किलो. एक टन ऊस, ६०० किलो वाफ. इथून पुढे हाच आकडा धरून चालू.

चौथी पायरी: ही वाफ टर्बाइनमधून कुठल्या दारानं जाते

या पायरीवर थोडं थांबा, कारण टनामागे किती युनिट हे इथेच ठरतं.

आपल्या टर्बाइनला वाफ बाहेर पडायला दोन दारं आहेत. पहिलं एक्स्ट्रॅक्शनचं. तिथून वाफ दीड किलो गेज दाबाला बाहेर पडते आणि इव्हॅपोरेटर, पॅन, ज्यूस हीटर यांच्याकडे जाते. साखर याच वाफेवर शिजते. दुसरं दार कंडेन्सरचं. तिथे व्हॅक्यूम असतो, वाफ शेवटपर्यंत पसरते आणि तिच्यातून काढता येईल तेवढं काम टर्बाइन काढून घेतं.

टर्बाइन आदर्श असतं तर पहिल्या दारापर्यंत येताना एका किलो वाफेनं साधारण २०० किलोकॅलरी सोडल्या असत्या. दुसऱ्या दारापर्यंत, ०.१ बार व्हॅक्यूमला, ३१०. खरं टर्बाइन त्यातलं काही पाती आणि सील यांच्यातून घालवतं. जितका भाग ते खरोखर कामाला लावतं, तीच त्याची कार्यक्षमता. मोठ्या, नीट ठेवलेल्या मल्टिस्टेज टर्बाइनला ८० टक्के धरायला हरकत नाही. गिअरबॉक्स आणि जनरेटर मिळून ९६ टक्के. एका युनिटला ८६० किलोकॅलरी लागतात.

आता एक टन वाफेचा हिशेब:

```
एक्स्ट्रॅक्शन : २०० × ०.८० × ०.९६ × १००० ÷ ८६० = १७९ युनिट
कंडेन्सर    : ३१० × ०.८० × ०.९६ × १००० ÷ ८६० = २७७ युनिट
```

प्रोसेसला उसाच्या ४० टक्के वाफ लागते असं धरू, म्हणजे ६०० पैकी ४०० किलो. उरलेली २०० किलो कंडेन्सरला. ०.४ टनाचे ७१ आणि ०.२ टनाचे ५५, असे १२६ ते १२७ युनिट. एक टन उसापासून जनरेटरच्या टोकाला एवढी वीज मिळते. ५००० टन गाळपाला दिवसाला सव्वासहा लाखांच्या वर युनिट झाले, म्हणजे सेट साधारण २६ मेगावॉटवर चालतोय.

यातलं सगळं विकायला जात नाही. को-जनचे पंखे, फीडपंप, कूलिंग टॉवर आठ-नऊ टक्के खातात, म्हणजे ११ युनिट. मिल आणि बॉयलिंग हाउसला टनामागे तीसेक. ग्रिडला जायला ८५ च्या आसपास उरतात.

आता तो जुना फिटर पस्तीस का म्हणत होता ते बघा. त्याच्या बॉयलरला २१ किलो दाब आणि ३४० अंश. त्या वाफेतून दीड किलोच्या एक्झॉस्टपर्यंत आदर्श टर्बाइनलाही ११० किलोकॅलरीच मिळतात. आणि लहान बॅक प्रेशर टर्बाइन ५५ टक्क्यांचं. टन वाफेला ६७-६८ युनिट येतात. प्रोसेसला ५० टक्के वाफ गेली तर टन उसाला ३४. कंडेन्सर नाही, त्यामुळे जास्त वाफ झाली तरी तिला जायला जागा नाही. बगॅस उरतो, यार्डात ढीग होतो, वीज मात्र वाढत नाही.

वाढलेल्या किंवा वाचलेल्या वाफेची किंमत

दोन टक्के ओलाव्याकडे परत येऊ. वाफ ६०० वरून ५८८ वर आली. पण पॅनवाल्याला त्याची ४०० किलो लागणारच. मग १२ किलो तुटली ती सगळी कंडेन्सरच्या वाट्याची, म्हणजे टनाला २७७ युनिट देणारी. १२ किलोचे ३.३ युनिट. ५००० टनाला रोज साडेसोळा हजार. मिलच्या शेवटच्या रोलरचं सेटिंग थोडं ढिलं राहिल्याचा हा परिणाम आहे, आणि तो को-जनच्या रिपोर्टमध्ये दिसतो, मिलच्या नाही.

तसंच प्रोसेसच्या वाफेचं. एक किलो वाफ कंडेन्सरला न जाता प्रोसेसला गेली की २७७ ऐवजी १७९ च्या दरानं वीज देते. फरक टनाला ९८ युनिट. म्हणजे उसावर एक टक्का वाफ, दहा किलो, बॉयलिंग हाउसनं जास्त ओढली की टनामागे जवळपास बरोबर एक युनिट जातं. हे सूत्र लक्षात ठेवायला सोपं आहे आणि भांडण मिटवायला उपयोगी पडतं. वाफ ४० वरून ४५ टक्क्यांवर गेली तर टनाला पाच युनिट, दिवसाला पंचवीस हजार. इव्हॅपोरेटरच्या नळ्यांवर खवले बसलेत, सिरप पातळ येतंय, पॅनमध्ये पाणी जास्त मारलं जातंय, ही सगळी कारणं इथे येऊन पोचतात.

हे सूत्र ताणायलाही मर्यादा आहे. कंडेन्सरकडे थोडी तरी वाफ सतत जावीच लागते, नाहीतर शेवटची पाती गरम होतात. किमान किती ते टर्बाइनवाल्यानं दिलेलं असतं. गाळप मंदावलं आणि वाफ कमी पडली तर त्या मर्यादेच्या खाली उतरायचं नाही, भले एक्स्ट्रॅक्शन कमी करावं लागो.

पाचवी पायरी: टर्बाइनची कार्यक्षमता थर्मामीटरवरून ओळखा

कार्यक्षमता ८० वरून ७५ झाली तर काय होतं? तोच हिशेब पुन्हा करा. एक्स्ट्रॅक्शनचे १६७ आणि कंडेन्सरचे २५९ होतात, टन उसाला एकूण ११९. आठ युनिट गेले. खरं तर सातच धरा, कारण एक्स्ट्रॅक्शनमधून जास्त गरम बाहेर पडलेली वाफ वाया जात नाही. तिच्यावर पाणी फवारून तापमान उतरवताना थोडी जादा वाफ तयार होते आणि प्रोसेस तेवढी कमी मागतो. कंडेन्सरच्या बाजूचं नुकसान मात्र पुरतं नुकसान असतं, ती उष्णता थेट कूलिंग टॉवरवर जाते.

ही घसरण रोज दिसावी कशी? त्यासाठी एक्स्ट्रॅक्शनच्या पाइपवरचं तापमान पुरतं. टर्बाइननं वाफेतलं काम कमी काढलं तर ती वाफ जास्त गरम बाहेर येणारच. आपल्या दाब-तापमानाला, एक्स्ट्रॅक्शन दीड किलो गेजला असताना, हे आकडे येतात:

८० टक्के असेल तर साधारण १४६ अंश.
७५ टक्के असेल तर १६६.
७० टक्के असेल तर १८६.

पाच टक्क्यांना वीस अंश. तुमचा दाब वेगळा असेल तर आकडे बदलतील, पण वीस अंशांचा टप्पा साधारण तसाच राहतो. यात दोन काळज्या घ्या. थर्मामीटर डीसुपरहीटरच्या फवाऱ्याच्या अलीकडे, टर्बाइनच्या बाजूला असला पाहिजे. फवाऱ्यानंतरचा थर्मामीटर कायम १३० च्या आसपासच दाखवणार, टर्बाइन कसंही असो. आणि लोड, इनलेटचा दाब आणि इनलेटचं तापमान सारखं असतानाच तुलना करा. बॉयलरचं तापमान ५१५ वरून ४९५ ला आलं की एक्स्ट्रॅक्शनही खाली येतं, आणि टर्बाइन सुधारलं असं खोटं समाधान मिळतं.

मी पहिल्यांदा शिफ्ट सांभाळत होतो त्या कारखान्यात हंगामाच्या सुरुवातीला हे तापमान १४८ होतं. दर तासाला लॉगबुकात मीच लिहायचो. जानेवारीच्या अखेरीस १७१ झालं. तीन-चार दिवसांनी एखादा अंश वाढत होता, म्हणून कुणाच्या डोळ्यांवर आलं नाही, माझ्याही नाही. चीफ इंजिनिअर एका रात्री राउंडला आले, लॉगबुकाची मागची पानं उलटत गेले आणि म्हणाले, "अरे, हे रोज लिहितोस, कधी मागे वळून बघितलंस का?" मग त्यांनी व्हील चेंबरचा, म्हणजे टर्बाइनच्या पहिल्या चाकानंतरचा, दाब काढायला लावला. तेवढ्याच वाफेला तोही वाढलेला होता. तापमान आणि व्हील चेंबरचा दाब दोन्ही एकत्र वाढले की पात्यांवर थर बसलाय असं समजायचं. सील झिजले असते तर तापमान वाढलं असतं, पण तो दाब असा चढला नसता.

थर आला कुठून, तर साखरेतून. इव्हॅपोरेटरच्या एका बॉडीतून रस वाफेबरोबर उडून कंडेन्सेटमध्ये येत होता, आणि तेच कंडेन्सेट बॉयलरला जात होतं. साखर बॉयलरमध्ये गेली की पाण्याचा पीएच पडतो, ड्रममध्ये फेस येतो, आणि फेसाबरोबर क्षार वाफेत जाऊन पात्यांवर बसतात. सेट थांबवून धुवावा लागला. तोवर कित्येक आठवडे टनामागे सहा-सात युनिट जात होते.

तेव्हापासून मी कंडेन्सेटची चाचणी स्वतः बघतो. परीक्षानळीत थोडं कंडेन्सेट घ्यायचं, अल्फा-नॅफ्थॉलचे काही थेंब टाकायचे आणि नळी तिरपी धरून कडेनं तीव्र सल्फ्युरिक आम्ल हळूच सोडायचं. ते तळाशी जाऊन बसतं. दोन्हींच्या सीमेवर जांभळी कडी उमटली की साखर आहे. कडी दिसली की ते पाणी बॉयलरकडे जाण्याआधी वळवायचं, रिपोर्ट नंतर लिहायचा. आम्लाशी खेळ आहे, हातमोजे आणि चष्मा घातल्याशिवाय करू नका.

कंडेन्सरच्या बाजूला थर्मामीटरची ही युक्ती चालत नाही. तिथली वाफ ओली असते, आणि ओल्या वाफेचं तापमान फक्त दाब सांगतं, काम किती झालं ते नाही. तिथे व्हॅक्यूम बघायचा. मार्च-एप्रिलमध्ये कूलिंगचं पाणी तापतं, ०.१ चा ०.१५ बार होतो आणि कंडेन्सरच्या वाफेतून टनाला दहा-अकरा युनिट कमी मिळतात. टन उसाला ते दोनेक. उन्हाळ्यातली एवढी घट टर्बाइनच्या माथी मारू नका.

सहावी पायरी: रोजचा आकडा काढताना

चोवीस तासांचे जनरेटरचे युनिट भागिले चोवीस तासांचं गाळप, एवढं सोपं दिसतं. पण मिल चार तास बंद होती आणि सेट यार्डातल्या बगॅसवर चालू ठेवला, तर भागाकार १५० दाखवेल. तो आकडा आजच्या उसाचा नाही. उलट ज्या दिवशी बगॅस साठवला त्या दिवशी आकडा विनाकारण खाली येतो. म्हणून यार्डातून आलेला आणि यार्डात गेलेला बगॅस टनात लिहा, आणि एका टन बगॅसला सुमारे ६१५ युनिट धरून (२.२२ टन वाफ, आणि ती सगळी कंडेन्सरच्या वाट्याची, टनाला २७७, या आपल्याच हिशेबाने) आकडा दुरुस्त करा. मग उरलेल्या फरकाचं कारण शोधायला चार रकाने पुरतात: बगॅसचा ओलावा, उसावर प्रोसेसची वाफ, फवाऱ्याच्या अलीकडचं एक्स्ट्रॅक्शनचं तापमान, आणि व्हॅक्यूम. रोज एकाच वेळी, सेट स्थिर लोडवर असताना लिहा, आणि दर सोमवारी मागची चार पानं उलटून बघा.